कॅथलॅबची प्रेसनोट: जाहिरातीची बातमी करताना

ही एका धर्मादाय रुग्णालयाच्या प्रेसनोटची हकिगत आहे. गाव, रुग्णालय आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. नोटेतला मजकूर, त्यावरचे प्रश्न आणि घेतलेले निर्णय मात्र जसे होते तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

जिल्ह्याच्या ठिकाणापासून बऱ्यापैकी लांब असलेल्या एका तालुक्याच्या गावात विश्वस्त संस्थेनं चालवलेलं जुनं रुग्णालय आहे. आजूबाजूच्या तीन तालुक्यांतले लोक तिथं येतात. संस्थेनं बँकेचं कर्ज काढून कॅथलॅब उभारली. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कुठं अडथळा आहे ते बघणं, म्हणजे अँजिओग्राफी, आणि तो अडथळा फुग्यानं उघडून तिथं स्टेंट बसवणं, म्हणजे अँजिओप्लास्टी, ही दोन्ही कामं या कक्षात होतात. तोवर या भागातल्या माणसाला त्यासाठी शहरात जावं लागायचं.

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली आहेत आणि आता संस्थांना प्रसिद्धीच्या मजकुरात मदत करते. उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी तयार नोट पाठवली आणि म्हणाले, "मॅडम, फक्त शुद्धलेखन बघून द्या. अध्यक्षसाहेबांनी वाचलीय, त्यांना आवडलीय."

नोट अशी होती:

> हृदयरुग्णांसाठी संजीवनी! जिल्ह्यातील पहिल्या अत्याधुनिक, जागतिक दर्जाच्या कॅथलॅबचा दिमाखदार शुभारंभ
>
> गेली अनेक दशके रुग्णसेवेचा अखंड यज्ञ चालवणाऱ्या आमच्या रुग्णालयाने आरोग्य क्षेत्रात आणखी एक मानाचा तुरा रोवला आहे. माननीय अध्यक्षांच्या दूरदृष्टीतून साकारलेल्या या अत्याधुनिक कॅथलॅबमध्ये निष्णात हृदयरोगतज्ज्ञांची टीम २४ तास सज्ज असून आता हृदयविकाराच्या उपचारांसाठी पुण्या-मुंबईला जाण्याची अजिबात गरज नाही. आतापर्यंतच्या सर्व शस्त्रक्रिया १०० टक्के यशस्वी झाल्या आहेत. गोरगरिबांना मोफत उपचार व शासकीय दरात स्टेंट ही आमची खासियत आहे. तरी सर्व रुग्णांनी या सुवर्णसंधीचा लाभ घ्यावा.

खाली अध्यक्षांचं एक वाक्य होतं, "ही कॅथलॅब म्हणजे पंचक्रोशीतील जनतेला आमची अनमोल भेट आहे," आणि त्यानंतर विश्वस्तांच्या नावांची लांबलचक यादी.

अडचण काय होती

अशी नोट डेस्कवर आली की उपसंपादक दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर ती जाहिरात विभागाकडे पाठवतो, नाहीतर त्यातून उद्घाटनाच्या चार ओळी काढून आतल्या पानावर टाकतो. दोन्ही प्रकारांत वाचकाला उपयोगाचं काही कळत नाही.

भाषा फुगलेली होती हे उघडच होतं. पण खरी अडचण तिच्या खाली होती. कॅथलॅब कोणत्या तारखेपासून सुरू होणार, किती वाजेपर्यंत चालू असणार, खर्च किती येणार, आणि इथं काय होणार नाही, यातलं एकही उत्तर त्या नोटेत नव्हतं. "सज्ज", "मोफत", "गरज नाही" या शब्दांमुळे ती उत्तरं आहेत असा भास मात्र होत होता. हृदयविकाराच्या झटक्यात तासातासाला हृदयाचा स्नायू मरत जातो. मध्यरात्री छातीत कळ आलेल्या माणसाचे नातेवाईक ही बातमी आठवून गाडी कुठल्या दिशेला वळवायची ते ठरवणार होते, म्हणून हा भास धोक्याचा होता.

शिवाय नियमांची बाजू होती. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरनं आपल्या शस्त्रक्रियांची, रुग्ण बरे केल्याची बढाई मारायची नाही आणि तशी प्रसिद्धीही होऊ द्यायची नाही. डॉक्टर चालवत असलेल्या संस्थेनं वर्तमानपत्रात जाहिरात द्यायचीच झाली तर संस्थेचं नाव, कोणत्या प्रकारचे रुग्ण घेतले जातात, सोयी कोणत्या आणि शुल्क किती, एवढंच सांगावं असं त्यात म्हटलं आहे. मला ही यादी फार कामाची वाटते. तटस्थ नोटेत जे असायला हवं, तेच जवळजवळ त्या यादीत आहे. आपल्या नोटेत त्यातलं काहीच धड नव्हतं, आणि "१०० टक्के यशस्वी" मात्र होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांना आवडणारा होता. विशेषणं गाळायची, वाक्यं आखूड करायची आणि नोट परत द्यायची. तासाभराचं काम. पण "निष्णात तज्ज्ञांची टीम २४ तास सज्ज" यातला "निष्णात" काढला तरी "टीम" आणि "२४ तास" उरतातच, आणि विशेषण गेल्यावर ते वाक्य आणखी खरं वाटायला लागतं. चुकीच्या माहितीवरचा मुलामा काढला की ती माहिती अधिकृत दिसते. म्हणून हा पर्याय मी बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय म्हणजे मजकूर आहे तसा ठेवून जाहिरात म्हणून पैसे देऊन छापायचा. एका दैनिकाच्या जाहिरात प्रतिनिधीनं व्यवस्थापकांना आधीच सुचवलं होतं, "अर्धं पान द्या, बातमीही लावतो." जाहिरात करण्यात काही गैर नाही, फक्त ती जाहिरात म्हणून वाचकाला दिसली पाहिजे. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न भारतीय प्रेस परिषदेनं २०१० च्या अहवालात मांडला तो याच सरमिसळीमुळे. आणि जाहिरात केली तरी "पहिली", "१०० टक्के" हे दावे सिद्ध करण्याची जबाबदारी सुटत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली कारवाई होऊ शकते.

तिसरा पर्याय होता नोट बाजूला ठेवून माहिती नव्यानं गोळा करायची आणि कोऱ्या कागदावर लिहायची. याला वेळ लागणार होता आणि अध्यक्षांना आवडलेला मजकूर रद्द होणार होता. तरी मी हाच सुचवला. सोबत हेही सांगितलं की शुभेच्छा, विश्वस्तांची नावं, फोटो यांची हौस असेल तर "जाहिरात" असं वर लिहून वेगळी जागा घ्या आणि बातमी तिच्यापासून पूर्ण वेगळी ठेवा. व्यवस्थापक तयार झाले, पण अध्यक्षांबद्दल म्हणाले, "अण्णांशी तुम्हीच बोला."

काय केलं

मी नोटेतल्या प्रत्येक दाव्यासमोर एक प्रश्न लिहिला आणि त्याचं उत्तर कोण देऊ शकेल त्याचं नाव टाकलं. व्यवस्थापकांना सगळं माहीत असतं असं धरून चालत नाही. परवान्याचं उत्तर त्यांच्याकडे होतं, वेळेचं हृदयरोगतज्ज्ञांकडे, योजनेचं नोंदणी कक्षातल्या कर्मचाऱ्याकडे.

सुरुवात तारखेपासून केली. कॅथलॅबमध्ये क्ष-किरणांचा वापर होत असल्यानं ती चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. परवान्याची प्रत डोळ्यांनी पाहिल्यावरच नोटेत तारीख घातली. उद्घाटनाचा दिवस आणि रुग्ण घ्यायला सुरुवात होण्याचा दिवस वेगवेगळे होते. जुन्या नोटेत फक्त शुभारंभाचा उल्लेख होता, दिवस एकही नव्हता. वाचकाला हवा होता दुसरा.

मग "२४ तास". हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर मोकळेपणानं बोलले. पूर्णवेळ तज्ज्ञ ते एकटेच होते आणि कॅथलॅबचा प्रशिक्षित तंत्रज्ञही एकच होता. "अतिदक्षता विभाग चोवीस तास आहे. लॅब सध्या सकाळी आठ ते रात्री आठ. दुसरा तंत्रज्ञ आला की बघू." रात्री झटक्याचा रुग्ण आला तर काय, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की ईसीजी काढून, रुग्णाच्या प्रकृतीला चालत असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लगेच देणार आणि अँजिओग्राफी सकाळी करणार, इंजेक्शन चालत नसेल तर शहरात पाठवणार. ही मान्य उपचारपद्धतीच आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. "२४ तास" हे शब्द रुग्णालयाबद्दल खरे होते आणि लॅबबद्दल खोटे, आणि नोटेत ते लॅबच्या वाक्यात होते.

"पुण्या-मुंबईला जाण्याची गरज नाही" या वाक्यावर डॉक्टरांनीच हरकत घेतली. बायपास शस्त्रक्रिया किंवा झडपेची शस्त्रक्रिया इथं होत नाही. अँजिओग्राफीत तीन रक्तवाहिन्यांत मोठे अडथळे दिसले तर अनेकदा बायपासच करावी लागते आणि त्या रुग्णाला शहर गाठावंच लागतं. ते वाक्य गेलं आणि जागी "बायपासची सोय नाही" हे आलं.

"जिल्ह्यातील पहिली" हा दावा एका फोनवर कोसळला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खासगी रुग्णालयात कॅथलॅब आधीपासून होती. यावर व्यवस्थापकांनी सुचवलं, "मग 'धर्मादाय रुग्णालयांत पहिली' म्हणू." ते कदाचित खरं असतं, पण त्यासाठी जिल्ह्यातल्या प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाची खात्री करावी लागली असती, आणि खात्री झाली तरी रुग्णाला त्यातून काही मिळत नव्हतं. पहिलेपणाला कात्री लावत लावत जिथं तो खरा ठरेल तिथवर नेणं हा प्रेसनोटांतला जुना रिवाज आहे. मी तो शब्दच काढला. त्याऐवजी याआधी रुग्णांना कुठं जावं लागत होतं ते लिहिलं. त्यातून महत्त्व आपोआप कळतं.

"१०० टक्के यशस्वी" याचा अर्थ चाचणीच्या काळात मोजक्या अँजिओग्राफी झाल्या आणि त्यांत गुंतागुंत झाली नाही, एवढाच होता. अँजिओग्राफी ही तपासणी आहे, तिला शस्त्रक्रिया म्हणणंही बरोबर नव्हतं. आकडा इतका लहान असताना टक्केवारी देणं म्हणजे वाचकाला फसवणं. ते वाक्य पूर्ण गाळलं. पहिल्या रुग्णाचा फोटो आणि त्याचे आभाराचे शब्द जोडायची कल्पनाही पुढं आली होती. आचारसंहिता आणि रुग्णाची खासगी माहिती, दोन्ही कारणांनी तीही सोडली.

सर्वांत जास्त वेळ गेला तो पैशाच्या वाक्यावर. "गोरगरिबांना मोफत" यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या होत्या.

पहिली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. लोक "मोफत" म्हटलं की हीच योजना समजतात. रुग्णालय योजनेत होतं, पण हृदयविकाराच्या उपचारांसाठी त्याचा समावेश व्हायचा होता. अर्ज गेला होता, मंजुरी आली नव्हती. म्हणजे बातमी वाचून रेशनकार्ड घेऊन आलेल्या माणसाला खिडकीवर नकार मिळाला असता.

दुसरी गोष्ट धर्मादाय रुग्णालयाच्या कर्तव्याची. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयानं मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. ही सोय तिथं होती आणि चालू होती. ती नोटेत हवीच होती, पण "आमची खासियत" म्हणून नव्हे. कायद्यानं मिळणारा हक्क कुणाच्या उदारपणाच्या नावावर लिहिला की रुग्ण तो मागायला कचरतो. मी फक्त नियम सांगितला आणि कोणती कागदपत्रं घेऊन कुठं भेटायचं ते लिहिलं.

तिसरी गोष्ट "शासकीय दरात स्टेंट". राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणानं फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या कमाल किमती ठरवून दिल्या, आणि ती मर्यादा देशातल्या सगळ्या रुग्णालयांना लागू आहे. म्हणजे दावा खरा होता, तरी दिशाभूल करणारा होता. वाचकाला वाटलं असतं की इतरत्र स्टेंट याहून महाग घेता येतो. खोटं वाक्य शोधणं सोपं असतं. असं खरं वाक्य नजरेतून निसटतं, कारण पडताळणीत ते पास होतं. हे वाक्य काढून अँजिओग्राफीचा प्रत्यक्ष दर लिहिला. व्यवस्थापकांना दर छापायचा नव्हता, "लोक तुलना करतील" म्हणून. दरपत्रक नोंदणी कक्षात भिंतीवर लागणारच आहे हे डॉक्टरांनी लक्षात आणून दिल्यावर ते मानले.

शेवटी अण्णा, म्हणजे अध्यक्ष. त्यांच्या तोंडी घातलेलं "अनमोल भेट" हे वाक्य त्यांचं नव्हतंच, नोट लिहिणाऱ्याचं होतं. मी त्यांना भेटून एवढंच विचारलं की कॅथलॅबच का घेतली. ते म्हणाले, "आमच्यात यावर लई दिवस वाद होता. काही जण म्हणायचे एवढं कर्ज झेपायचं नाही. पण इथनं शहरात नेईस्तोवर माणूस हातचा जातो, हे आम्ही सगळ्यांनीच घरात बघितलंय. कर्ज आहे, ते फेडायचंय." मी विचारलं, हेच छापू का? ते जरा थांबले. कर्जाचा उल्लेख नको असं एका विश्वस्ताचं म्हणणं पडलं. अण्णांनी स्वतः ठरवलं की राहू दे. बोली थोडी सारखी करून वाक्य त्यांना पुन्हा वाचून दाखवलं आणि मग घातलं.

तयार झालेली नोट:

> अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टीची सोय सोमवारपासून
> वेळ सकाळी ८ ते रात्री ८. बायपास शस्त्रक्रियेची सोय नाही
>
> (गाव), ता. १२ : येथील धर्मादाय रुग्णालयात सोमवारपासून (ता. १७) कॅथलॅब सुरू होत आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे तपासण्याची अँजिओग्राफी आणि ते उघडण्याची अँजिओप्लास्टी येथे होईल. यासाठी तालुक्यातील रुग्णांना आतापर्यंत जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा पुण्याला जावे लागत होते. कॅथलॅबला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना मिळाला आहे.
>
> कॅथलॅब सध्या सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत चालू राहील. अतिदक्षता विभाग २४ तास सुरू आहे. रात्री ८ नंतर आलेल्या हृदयविकाराच्या रुग्णावर तेथे उपचार होतील. गरजेनुसार गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले जाईल किंवा रुग्णाला पुढे पाठवले जाईल. रात्री अँजिओप्लास्टी होणार नाही. बायपास व झडपांच्या शस्त्रक्रिया येथे होत नाहीत.
>
> अँजिओग्राफीचा दर … रुपये आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयविकाराच्या उपचारांसाठी रुग्णालयाचा समावेश अद्याप झालेला नाही. त्यासाठी अर्ज केला आहे. निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांना धर्मादाय रुग्णालयांच्या नियमानुसार राखीव खाटांवर मोफत किंवा सवलतीत उपचार मिळतील. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घेऊन वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे.
>
> "कर्ज झेपेल का, यावर संस्थेत बरेच दिवस चर्चा झाली. शहरात नेईपर्यंत माणूस हातचा जातो, हे आम्ही सगळ्यांनी घरात पाहिले आहे, म्हणून निर्णय घेतला," असे संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितले.

दराचा आकडा इथं ओळख टाळण्यासाठी गाळला आहे. पाठवलेल्या नोटेत तो होता. सोबत डॉक्टरांचा संपर्क दिला, म्हणजे बातमीदाराला शंका विचारता यावी. "तरी सर्वांनी लाभ घ्यावा" हे शेवटचं वाक्य काढायला व्यवस्थापक सर्वांत नाखूश होते. ते आवाहन आहे, आणि आवाहन आलं की मजकूर पुन्हा जाहिरात होतो, असं मी त्यांना सांगितलं.

परिणाम

एका दैनिकानं जिल्हा आवृत्तीत नोट जवळजवळ शब्दशः छापली. दुसऱ्या दैनिकाच्या बातमीदारानं डॉक्टरांना फोन करून रात्रीच्या सोयीबद्दल आणखी विचारलं आणि चौकट केली. ज्या दैनिकाच्या प्रतिनिधीनं अर्ध्या पानाचा प्रस्ताव दिला होता, तिथं काही आलं नाही. आणखी एका ठिकाणी बातमी आली, पण शीर्षक त्यांनी स्वतःच "हृदयरुग्णांना मोठा दिलासा" असं दिलं. ते आपल्या हातात नसतं. आतला मजकूर मात्र वेळेसकट शाबूत होता, कारण वेळ पहिल्या दोन परिच्छेदांतच होती. जागा कमी पडली की डेस्क खालून कापतं. बायपासची सोय नाही हे शेवटच्या परिच्छेदात ठेवलं असतं तर ते हमखास उडालं असतं.

नोंदणी कक्षात आलेले बहुतेक फोन योजनेबद्दलचे होते. "मंजुरी कधी येणार?" हाच प्रश्न. काही विश्वस्त नावं न आल्यानं नाराज झाले. त्यांच्यासाठी नंतर वेगळी, "जाहिरात" असं स्पष्ट लिहिलेली शुभेच्छांची जागा घेतली गेली.

एक गोष्ट मात्र हातातून सुटली. बसस्थानकासमोरचा फ्लेक्स जुन्या नोटेवरून आधीच छापून लागला होता आणि त्यावर ठळक अक्षरांत "२४ तास" होतं. बातमी एक सांगत होती, चौकातला फलक दुसरं. डॉक्टरांनी येता-जाता तो पाहिला आणि व्यवस्थापकांना उतरवायला लावला.

काय वेगळं करता आलं असतं

नोटेपासून तयार होणाऱ्या सगळ्या गोष्टींची, म्हणजे फ्लेक्स, निमंत्रणपत्रिका, मोबाइलवर फिरणारा संदेश, समारंभातलं निवेदन यांची यादी पहिल्याच दिवशी मागायला हवी होती. जुना मजकूर कुणाकुणाकडे गेला आहे हे कळल्याशिवाय नवा मजकूर पाठवण्यात अर्थ नसतो. छापखान्याला एक फोन पुरला असता.

डॉक्टरांना सर्वांत आधी भेटणंही बरं झालं असतं. निम्म्या दाव्यांचा निकाल त्यांच्याशी झालेल्या एका बोलण्यात लागला, आणि त्यांचा शब्द विश्वस्तांपुढं माझ्या शब्दापेक्षा जास्त चालला.

दराबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. अँजिओग्राफीचा दर छापला, पण अँजिओप्लास्टीचा खर्च स्टेंटच्या संख्येनुसार बदलतो म्हणून तो दिला नाही. वाचकाला धास्ती दुसऱ्या खर्चाची असते. एका स्टेंटसह साधारण किती येतो आणि त्यात काय धरलेलं नाही, असं एक वाक्य घालता आलं असतं. डॉक्टर त्याला तयार होते, व्यवस्थापक नव्हते, आणि उद्घाटन तोंडावर आल्यानं तो मुद्दा तसाच राहिला.

काही महिन्यांनी योजनेची मंजुरी आली. त्या वेळची नोट व्यवस्थापकांनी स्वतः लिहिली. कोणत्या तारखेपासून, कोणत्या उपचारांसाठी, कोणती कागदपत्रं लागतील, आणि रात्रीची वेळ अजून तीच आहे, इतकंच तिच्यात होतं. मी फक्त एका तारखेची खात्री करून घेतली.